अखेरच्या दहा महिन्यांचे सरासरी वेतन आणि मासिक निवृत्तिवेतन

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांमध्ये निवृत्तिवेतनार्ह वेतनाचा अर्थ सेवेच्या अखेरच्या दहा महिन्यांत मिळालेल्या वेतनाची सरासरी असा दिलेला आहे. या सरासरीच्या निम्मी रक्कम म्हणजे दरमहाचे मूळ निवृत्तिवेतन, आणि त्या रकमेवर पुढे आयुष्यभर महागाईची वाढ मोजली जाते. येथे वेतन म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता हे सारे वगळून जे मूळ वेतन उरते तेच सरासरीत धरले जाते. पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे या परिसरात मंत्रालयापासून राष्ट्रीयीकृत बँकांपर्यंत नानाविध कार्यालयांतून निवृत्त झालेली माणसे एकाच इमारतीत शेजारी राहतात आणि त्यांची पेन्शन एकाच सूत्राने निघाली असावी असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात दहा महिन्यांचा हा नियम त्यांपैकी काहींना आजही पुरता लागू आहे, काहींच्या बाबतीत तो नाममात्र उरला आहे आणि काहींना तो कधीच लागू नव्हता.

नियमाचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. एखाद्या कार्यालयातील वरिष्ठ लिपिक ३० सप्टेंबरला सेवानिवृत्त होतो, त्याचे मूळ वेतन ६०,४०० रुपये आहे आणि १ जुलैला वार्षिक वेतनवाढ मिळून ते ६२,२०० होते, असे समजू. निवृत्तीच्या दिनांकापासून मागे मोजले असता दहा महिने १ डिसेंबरपासून सुरू होतात. डिसेंबर ते जून या सात महिन्यांचे वेतन ४,२२,८०० आणि जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांचे १,८६,६००, मिळून ६,०९,४०० रुपये; त्याला दहाने भागले की सरासरी ६०,९४० येते आणि तिच्या निम्मे, म्हणजे ३०,४७० रुपये, हे निवृत्तिवेतन ठरते. शेवटच्या वेतनाच्या निम्मे घेतले असते तर ते ३१,१०० झाले असते. म्हणजे १,८०० रुपयांची पूर्ण वाढ हाती येऊनही निवृत्तिवेतनात तिचे निम्मे ९०० रुपये उतरले नाहीत, केवळ २७० उतरले. याचे गणित सोपे आहे: वाढ मिळाल्यानंतर जितके महिने सेवा झाली त्या प्रत्येक महिन्यामागे त्या वाढीचा विसावा हिस्सा निवृत्तिवेतनात येतो, कारण आधी दहाने आणि मग दोनाने भागायचे असते. दहा महिने भरले की वाढीचा पूर्ण निम्मा वाटा पदरात पडतो, त्यापुढे महिने वाढले तरी काही फरक पडत नाही.

सरासरी मुळात कशासाठी, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. निवृत्तीच्या तोंडावर, कधीकधी अगदी शेवटच्या आठवड्यात, पदोन्नती देऊन आयुष्यभराची पेन्शन वर नेण्याची वाट बंद राहावी, हा तिचा व्यावहारिक हेतू म्हणता येईल. मात्र सरासरीचा काळ जितका लांब, तितका प्रामाणिकपणे चढत गेलेला कर्मचारीही मागे ओढला जातो. केंद्र सरकारच्या सेवेत १९७९ पूर्वी ही सरासरी छत्तीस महिन्यांची होती. वरच्याच लिपिकाला तो नियम लावला आणि दरवर्षी १ जुलैला त्याचे वेतन ५६,९०० वरून ५८,६००, मग ६०,४०० आणि अखेरीस ६२,२०० असे वाढले असे धरले, तर सरासरी ५९,०७५ आणि निवृत्तिवेतन सुमारे २९,५३८ रुपये येते. २५ मे १९७९ च्या आदेशाने केंद्राने छत्तीसचे दहा महिने केले, परंतु हा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच ठेवला. त्या तारखेच्या आदल्या दिवशी निवृत्त झालेला आणि त्या दिवशी निवृत्त झालेला यांच्यात भेद का, या वादातून डी. एस. नकारा यांचा प्रसिद्ध खटला उभा राहिला आणि सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी ती तारखेची भिंत रद्द ठरवली. निवृत्तिवेतनधारकांच्या संघटना दरवर्षी १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात तो याच निकालामुळे. त्या निकालाच्या मुळाशी सरासरी किती महिन्यांची, हाही प्रश्न होता, हे त्या दिवसाच्या भाषणांत क्वचितच सांगितले जाते.

सहाव्या वेतन आयोगानंतर चित्र पुन्हा बदलले. आधी केंद्राने आणि २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने, पूर्ण निवृत्तिवेतनासाठी तेहतीस वर्षांच्या सेवेची अट वीस वर्षांवर आणताना, दहा महिन्यांची सरासरी किंवा अखेरचे वेतन यांपैकी जे फायदेशीर असेल त्याच्या निम्मे देण्याचे ठरवले. वेतन साधारणपणे चढतेच असल्याने बहुतेकांच्या बाबतीत अखेरचे वेतनच जिंकते. उदाहरणातील लिपिक राज्य शासनाचा असेल तर त्याला ३१,१०० रुपये मिळतात. सरासरी उपयोगी पडते ती वेतन उतरले असेल तेव्हाच, उदाहरणार्थ शिस्तभंगाच्या कारवाईत अखेरच्या काही महिन्यांत वेतन खालच्या टप्प्यावर आणले गेले असेल तेव्हा. पण पूर्वीची वेतननिश्चितीच चुकीची होती असे पडताळणीत आढळून वेतन मागील तारखेपासून कमी झाले, तर सरासरीही त्याच कमी वेतनाने काढली जाते आणि तिचा आधार मिळत नाही. अशा प्रकरणी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या २०१४ च्या निर्णयाने वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्यांकडून वा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून जास्त दिलेल्या रकमेची वसुली थांबते. निवृत्तिवेतन मात्र सुधारलेल्या वेतनावरच ठरते.

अखेरच्या वेतनाचा पर्याय आल्याने सरासरीने राखलेली ती जुनी कडी निखळली, हेही नमूद केले पाहिजे. आज राज्य शासनाच्या सेवेत निवृत्तीच्या आदल्या दिवशी पदोन्नतीच्या पदावर रुजू झालेल्याला नव्या वेतनाचा पूर्ण लाभ मिळू शकतो, तर पदोन्नती समितीची बैठक एक महिना लांबल्याने ज्याची रुजू होण्याची तारीख निवृत्तीनंतर जाते त्याला काहीच मिळत नाही. सरासरीच्या नियमात हेच नुकसान महिन्याला विसाव्या हिश्श्याने, हळूहळू झाले असते. न्यायाच्या दृष्टीने यांतील दुसरी पद्धत अधिक समतोल वाटते. कर्मचाऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने अर्थातच पहिली. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांना दुसऱ्या दिवशीची वेतनवाढ काल्पनिक स्वरूपात धरून देण्याचा ११ एप्रिल २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही अखेरचे वेतन मोजले जाते म्हणूनच पेन्शनमध्ये पूर्ण उतरतो. निव्वळ सरासरीच्या पद्धतीत, ज्या वेतनावर दहा महिन्यांतील एकही दिवस गेला नाही ते सरासरीत येण्यास जागाच नव्हती.

बँकांमध्ये मात्र दहा महिन्यांचा नियम जसाच्या तसा उभा आहे. बँक कर्मचारी निवृत्तिवेतन विनियम, १९९५ यांनुसार अखेरच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या निम्मे, तेही तेहतीस वर्षांच्या अर्हताकारी सेवेला, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या सेवेला. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. अखेरचे वेतन घेण्याचा पर्याय नाही. त्यामुळे उदाहरणातील लिपिक बँकेतला असता आणि त्याची तेहतीस वर्षे भरली असती, तर शेजारच्या राज्य शासनाच्या लिपिकाइतकेच मूळ वेतन घेऊनही त्याचे निवृत्तिवेतन ३०,४७० वर थांबले असते. शिवाय २०१५ च्या दहाव्या द्विपक्षीय करारापासून बँक कर्मचाऱ्यांना मिळणारा विशेष भत्ता निवृत्तिलाभांसाठी धरला जात नाही. पगारपत्रकावर तो मूळ वेतनाखालीच छापलेला असल्याने पुष्कळांचा अंदाज येथेच चुकतो.

दहा महिने म्हणजे कोणते दहा महिने, यातही बारकावा आहे. अर्जित रजेवर, म्हणजे पगारी रजेवर, असलेला काळ कामावर असल्याप्रमाणेच धरला जातो. असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी रजा, किंवा सेवेत न धरला जाणारा निलंबनाचा काळ मात्र केंद्राच्या नियमांत आणि बँकांच्या विनियमांत सरासरीतून वगळला जातो आणि तितकाच काळ मागे जाऊन घेतला जातो. आपल्या लिपिकाने मार्च व एप्रिल बिनपगारी घेतले असतील तर ते दोन महिने शून्य म्हणून मोजायचे नाहीत, मागील ऑक्टोबर व नोव्हेंबर त्यांच्या जागी येतात. त्या महिन्यांतही वेतन ६०,४०० च असल्याने सरासरी बदलत नाही. गणकाने ते महिने शून्य धरले तर बेरीज १,२०,८०० ने घसरते आणि निवृत्तिवेतन ६,०४० रुपयांनी कमी दिसते. इतकी मोठी तफावत आढळली की चूक बहुधा येथे असते. स्वेच्छानिवृत्ती महिन्याच्या मध्ये झाली, समजा १५ ऑगस्टला, तर दहा महिने १६ ऑक्टोबरपासून १५ ऑगस्टपर्यंत मोजले जातात आणि दोन्ही टोकांच्या अपुऱ्या महिन्यांचे वेतन दिवसांच्या प्रमाणात घेतले जाते.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याचा हिशोब निराळाच असतो. त्याला लागू असलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये १ सप्टेंबर २०१४ पासून साठ महिन्यांची सरासरी घेतली जाते, पूर्वी ती बारा महिन्यांची होती. त्या सरासरीवरही सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांची कमाल मर्यादा असते. केंद्राच्या १ एप्रिल २०२५ पासूनच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत, सेवा पंचवीस वर्षे झाली असल्यास, अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे मिळते. आपल्या लिपिकाला तो नियम लावला तर सरासरी ६०,८५० आणि निवृत्तिवेतन ३०,४२५ रुपये येते, म्हणजे अखेरच्या वेतनाचा मार्ग सोडून धोरण पुन्हा सरासरीकडे वळलेले दिसते.

राज्य शासनाच्या निवृत्तिवेतन प्रकरणात आणखी एका जागी गोंधळ होतो. उपदान, म्हणजे निवृत्तीच्या वेळी एकरकमी मिळणारी ग्रॅच्युइटी, आणि कर्मचाऱ्याच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन ही दोन्ही सरासरीवर नव्हे, अखेरच्या वेतनावर काढली जातात. म्हणून २००९ पूर्वीच्या जुन्या कागदांत एकाच पानावर उपदानापुढे एक वेतन आणि निवृत्तिवेतनापुढे दुसरे, थोडे कमी, असे दिसते. ती चूक नसते. चूक शोधायची तर सेवापुस्तकातील अखेरच्या दोन वेतनवाढींच्या नोंदी व त्यांच्या तारखा आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र शेजारी ठेवून दहा महिन्यांची बेरीज हाताने करावी, आणि हे काम प्रकरण महालेखापालांकडे जाण्याआधी, आस्थापना शाखेतच करावे. एकदा आदेश निघून उपकोषागारात पोहोचला की एका महिन्याची चुकलेली नोंद दुरुस्त करायलाही कागद पुन्हा त्याच वाटेने वर जाऊन खाली यावा लागतो.