श्वासांत अडकलेला दाणा

फराळाच्या दिवसांतील ही हकीकत आहे. वीस महिन्यांचा एक मुलगा चिवड्याच्या ताटलीशीं खेळत असतांना त्याला एकाएकीं जबर ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलें. दोन मिनिटांत ठसका थांबला, मुलगा पुन्हां खेळूं लागला आणि घास गिळला गेला असें घरांत सर्वांनीं गृहीत धरलें. तिसऱ्या दिवशीं मात्र खोकला वाढला व श्वासाबरोबर बारीक शीळ ऐकूं येऊं लागली. डॉक्टरांना उजव्या बाजूस हवेचा आवाज कमी वाटला; म्हणून त्यांनीं मुलाला क्ष-किरणांच्या चित्रासाठीं आमच्याकडे पाठविलें.

पहिलें चित्र पाहून वडिलांना हायसें वाटलें, कारण त्यांत दाणा कोठेंच दिसत नव्हता. पण तो दिसणारच नव्हता! नाणें क्ष-किरणांना अडवितें, म्हणून तें चित्रांत पांढरें उमटतें. शेंगदाण्याची घनता मात्र शरीरांतील मांसाच्या इतकी जवळ असते कीं तो भोंवतालच्या छायेंत हरवून जातो. तेव्हां दाणा शोधण्याचा नाद सोडून, दाण्यानें हवेचें काय केलें आहे तें पाहावें लागतें.

श्वास घेतांना आपली छाती फुलते आणि आंतील श्वासनलिकाहि किंचित् रुंदावतात. श्वास सोडतांना त्या आक्रसतात. नलिकेंत दाणा बसला असेल, तर ती रुंदावतांच त्याच्या कडेनें हवा आंत शिरते. पण आक्रसली कीं ती दाण्याभोंवतीं आवळली जाते व परतीची वाट बंद होते. सायकलच्या ट्यूबला असलेल्या व्हाल्व्हसारखाच हा प्रकार. प्रत्येक श्वासाबरोबर त्या फुप्फुसांत हवा कोंडत जाते.

आतां अडचण पाहा. चित्र नेहमीं पूर्ण श्वास घेतलेला असतांना काढतात. त्या क्षणीं निरोगी फुप्फुसहि हवेनें भरलेलें, आणि कोंडलेलेंहि भरलेलें! दोन्हीं सारखींच काळीं दिसतात. फरक पडतो तो श्वास सोडल्यावर. निरोगी फुप्फुस लहान होतें, चित्रांत करडें-पांढरें होतें, आणि पोट व छाती यांमधील पडदा वर चढतो. कोंडलेलें फुप्फुस मात्र तसेंच मोठें व काळें राहतें, त्याचा पडदा खालींच असतो, आणि हृदय निरोगी बाजूकडे सरकतें. येथें एक फसगत होण्यासारखी आहे. पांढरी बाजू पाहून तिलाच न्युमोनिया झाला, असें नवख्या डोळ्याला वाटतें. वास्तविक आपलें काम चोख करणारी बाजू तीच असते.

मोठ्या माणसाला "श्वास सोडा आणि थांबा" असें सांगतां येतें. वीस महिन्यांच्या रडणाऱ्या मुलाला तें कसें सांगणार? कोणी श्वास सोडण्याचा क्षण साधून पोटावर हळुवार दाब देतात. पण तो क्षण चुकला कीं चित्र वायां गेलें. म्हणून मुलाला कुशीवर निजवून चित्र काढण्याची युक्ति निघाली. कुशीवर निजलें असतां खालच्या फुप्फुसावर शरीराचा भार पडतो, त्या बाजूची छाती फारशी हलत नाहीं, आणि तें फुप्फुस आपोआप लहान होतें. मुलानें सांगितलेलें ऐकण्याची गरजच उरत नाहीं.

आमच्या मुलाला आधीं डाव्या कुशीवर निजविलें. डावें फुप्फुस अपेक्षेप्रमाणें दबून करडें झालें. मग उजव्या कुशीवर निजविलें. उजवें फुप्फुस भाराखालीं असूनहि तसेंच फुगलेलें व काळें राहिलें. हवा कोंडली होती, ती उजवीकडे.

मात्र हीं चित्रें निर्णायक समजूं नयेत. मूल नीट कुशीवर नसलें, किंचित् वळलेलें असलें, तर तीं चकवितात. आणि दाणा लहान असला तर चित्रें अगदीं निर्दोष येऊनहि दाणा आंत असूं शकतो. उलट, दाणा फुगून नलिका पूर्ण बुजली, तर कोंडलेली हवा रक्तांत शोषली जाऊन फुप्फुस मिटतें; मग तीच बाजू पांढरी होते व हृदय तिच्याकडे ओढलें जातें. अलीकडे अल्प किरणांचें सी. टी. चित्र कांहीं ठिकाणीं काढतात, आणि तें अधिक स्पष्ट असतें. तरीहि आईनें सांगितलेला ठसका मला कोणत्याहि निर्दोष चित्रापेक्षां मोलाचा वाटतो. त्या एका हकीकतीवरून दुर्बीण घालण्याचा निर्णय घेणें योग्य ठरतें. आणि मूल निळें पडलें, त्याला रडतां-बोलतां येईना, तर चित्रांसाठीं थांबणें हेंच चुकीचें.

त्याच सायंकाळीं मुलाला भूल देऊन श्वासमार्गांत दुर्बीण घातली. उजव्या मुख्य नलिकेंत अर्धा शेंगदाणा होता. ओलाव्यानें फुगलेला, आणि भोंवतालचें अस्तर सुजून लालबुंद झालेलें. चिमट्यानें तो बाहेर काढला. दुसऱ्या दिवशीं पुन्हां उजव्या कुशीवर निजवून चित्र काढलें, तेव्हां खालचें फुप्फुस दबून करडें झालें होतें.