राउटर घेण्याआधी रात्री नऊला मोजा

"आमच्या वाडीत फायबर नाही, केबल नाही, मग सिमवर चालणारा कुठला राउटर घेऊ?" अशी पत्रं सतत येतात. बहुतेकांनी मॉडेलही आधीच पसंत केलेलं असतं. राउटरचं नंतर बघू. तुमच्या घरात कोणत्या कंपनीचं सिम चालतं ते आधी मोजा.

फोनवरच्या पट्ट्यांवर जाऊ नका, किती पट्ट्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये 'अबाउट फोन'मध्ये सिमची माहिती असते, तिथे dBm असं लिहिलेला वजा आकडा दिसतो. ४जीवर वजा ९०च्या आसपास उत्तम. वजा ११०च्या खाली घसरला की त्रास ठरलेला.

समजा, राजापूरकडे जांभ्या दगडाचं, पत्र्याचं घर आहे. माजघरात टीव्हीशेजारी आकडा वजा ११४ येतो, माळ्यावर टॉवरच्या बाजूच्या खिडकीत वजा ९३. मग राउटर खिडकीतच ठेवायचा. तिथून लॅन केबल खाली आणून माजघरात साधा वायफाय राउटर जोडायचा. खिडकीतही आकडा सुधारत नसेल, तर बाहेरचा अँटेना जोडता येईल असा राउटर घ्या. फक्त अँटेनाची केबल आखूड ठेवा, लांब केबलमध्ये सिग्नल जिरतो. लॅन केबल मात्र शंभर मीटरपर्यंत खुशाल ओढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आकडा चांगला आला म्हणून लगेच पैसे देऊ नका! टॉवर अख्ख्या पंचक्रोशीचा असतो. दुपारी चाळीस एमबीपीएस देणारं सिम रात्री नऊला तीनवर येऊ शकतं. सिग्नल तोच असतो, वाटेकरी वाढलेले असतात. त्यावर महागातला राउटर हा इलाज नव्हे. म्हणून राउटर जिथे ठेवायचा तिथेच, रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, तीन-चार दिवस वेग मोजा. त्यात एक रविवार येऊ द्या. शेजाऱ्यांकडून दुसऱ्या कंपनीचं सिम मागून तेही तपासा. गणपतीत चाकरमानी आलेले असताना मोजता आलं तर सोन्याहून पिवळं. "दुकानात तर छान पळत होतं हो," असं मला कृपा करून लिहू नका. दुकान तालुक्याच्या बाजारात आणि तुमचं घर डोंगराआड, मग तिथला वेग तुमच्या काय कामाचा? इतक्यांदा सांगूनही लोक आधी पैसे मोजतात आणि मग पत्र लिहितात, याचं फार वाईट वाटतं.

५जी घरात खरंच पोचत असेल तरच ५जी राउटरवर खर्च करा. कंपनीने दिलेला राउटर बहुधा तिच्याच सिमवर चालतो, हे विचारून घ्या. महिन्याची डेटा मर्यादाही विचारा.

आणि लाइट जाते तिथे राउटरसाठी छोटा यूपीएस हवाच. अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर कागदावर उतरवून दुकानात न्या. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तरी चालतील.