पहिल्या पानावरची मुख्य बातमी



गावच्या वर्तमानपत्राची मुख्य बातमी कशी ठरते, ते 11 जुलै 2006 च्या उदाहरणावरून पाहा. त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले. मीरा रोड व भाईंदर यांच्या दरम्यान झालेला स्फोटही त्यांत होता. परिणाम, ताजेपणा व जवळीक या तिन्ही कसोट्यांना दुसरी बातमी उतरणे शक्यच नव्हते. परंतु स्फोटांची वार्ता रात्रीच दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचली. सकाळी तिचा ताजेपणा सरला, जवळीक तेवढी उरली. म्हणून गावच्या पत्राचा मथळा असा हवा: आपले जखमी कोणत्या रुग्णालयात आहेत, गाड्या सुरू आहेत काय. मृतांचा आकडा तासातासाला बदलतो. तो कोणी व केव्हा सांगितला हे लिहिता येत नसेल, तर मथळ्यात घालू नये.