भंवरीदेवींचं काम

समाजशास्त्राच्या निबंधात जात, लिंग आणि वर्ग एकत्र कसे वाचायचे, हे राजस्थानातल्या जयपूर जिल्ह्यातल्या एका खटल्यातून नीट उमगतं. भटेरी गावच्या भंवरीदेवी कुंभार समाजातल्या. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात तुटपुंज्या मानधनावर त्या ‘साथिन’ होत्या. 1992 साली एका गुर्जर घरातला बालविवाह थांबवायला गेल्या, त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. उच्च जातीचे पुरुष खालच्या जातीतल्या बाईला शिवणार नाहीत, असा तो तर्क!

निबंधात यातली एकेक बाजू झाकून पाहावी. फक्त ‘स्त्री’ म्हटलं, तर हा तर्क समजतच नाही. फक्त ‘जात’ म्हटलं, तर बलात्कारच का, ते निसटतं. आणि ‘वर्ग’ झाकला, तर मानधन म्हणजे पगार नव्हे, म्हणून कामावरच्या हल्ल्याची जबाबदारी घेणारा मालकच सापडत नाही, हे दिसत नाही.

याच प्रकरणातून 1997 साली सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत कामाच्या जागी होणाऱ्या स्त्रीच्या लैंगिक छळाचा विचार आहे. जातीचा उल्लेख मात्र नाही.