सकाळच्या नकाराचं मूळ रात्रीच्या ताटात

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



आहारतज्ज्ञ म्हणून वसई-विरारच्या पालकांकडून मी सर्वांत जास्त ऐकते ती तक्रार एकच: "सकाळी काही म्हणजे काही खात नाही हो." आज मी फक्त त्याच तक्रारीबद्दल बोलणार आहे.

शाळेची वेळ फार लवकरची, म्हणून मुलं खात नाहीत, असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने आदेश काढला की, पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. त्यानंतर शाळा उशिरा सुरू होऊनही ज्या घरांतला नकार तसाच राहिला, त्यांची दिनचर्या मी लिहून घेऊ लागले. बहुतेक ठिकाणी अडचण आदल्या रात्रीची निघाली.

दुसरीतल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. वय ७ वर्षं. वडील अंधेरीला नोकरीला. विरार लोकलने घरी पोचेपर्यंत सव्वानऊ होतात. सगळे एकत्र जेवावेत म्हणून मुलीचं जेवण पावणेदहाला. वर झोपताना चॉकलेट पावडर घातलेलं मोठा पेलाभर दूध. झोप पावणेअकराला, उठणं सातला आणि आठला बस. या वयाला रोज ९ ते १२ तास झोप लागते, तिला मिळते सव्वाआठ तास. भरल्या पोटी झोपलेलं, अर्धवट झोपेतून उठवलेलं हे मूल उठल्या उठल्या पेलाभर दूध आणि दोन पोळ्या बघून तोंड फिरवतं. तिच्या पोटाला त्या वेळी भूकच नसते. तिच्या नकारात हट्ट कमी आणि खरेपणा जास्त असतो.

म्हणून आम्ही सुरुवात रात्रीपासून केली. मुलीचं जेवण पावणेआठला, आईबरोबर. रात्रीचं दूध बंद, ते संध्याकाळी साडेपाचला. बाबा आल्यावर गप्पांसाठी पंधरा मिनिटं, पण ताटाशिवाय. साडेनऊला दिवा बंद. हा बदल बाबांना सर्वांत जड गेला, कारण लेकीबरोबर जेवण हाच त्यांचा दिवसभराचा एकमेव निवांत वेळ होता. मग रविवारचं दुपारचं जेवण आणि रोजच्या त्या गप्पा, असं दोघांत ठरलं.

आता सकाळ. पावणेसातला उठवायचं, दोन घोट पाणी द्यायचं, आंघोळ-कपडे उरकायचे आणि सव्वासातच्या पुढे पेला हातात द्यायचा. उठल्यावर मधे अर्धा-पाऊण तास गेला की भूक जागी होते.

पेल्यात काय? खायला नको म्हणणारं मूल पिऊ शकेल अशी नाचणीची पातळ पेज. एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १० ग्रॅम नाचणीचं पीठ अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळी न होता कालवा. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं ढवळत शिजवा, कच्चा वास गेला की उतरवा. कोमट झाल्यावर १०० मिली दूध, एक पिकलेलं वेलची केळं कुस्करून आणि एक लहान चमचा शेंगदाण्याचं बारीक कूट घाला. गाळणीतून काढलं की गुठळी राहत नाही. चमच्यातून सहज ओघळेल इतकं पातळ हवं. घट्ट झाली की पेज पुन्हा 'खाणं' होते आणि मूल पुन्हा नकार देतं. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर कूट अर्थातच नको.

हे सगळं मिळून साधारण २०० मिली भरतं. त्यात सुमारे १७० किलोकॅलरी आणि पाच-साडेपाच ग्रॅम प्रथिनं येतात. ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० किलोकॅलरी लागतात, असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मार्गदर्शन आहे. म्हणजे एका पेल्यातून दिवसाचा दहावा भाग.

पण पहिल्या दिवशी २०० मिली देऊ नका. लहान वाटीत ५० मिली द्या. तेवढं संपलं की मुलाला "मी संपवलं" असं वाटतं. उरलेलं घरच्यांनी प्यावं. तीन-चार दिवसांनी १००, मग १५०. गोड नको म्हणणाऱ्यासाठी तीच पेज केळं-दूध वगळून ताक, मीठ आणि जिरेपूड घालून द्या. पेल्याबरोबर बशीत एकच लहान घास ठेवा: घावनाचा चतकोर, उकडलेल्या अंड्याची फोड किंवा आगाशीकडच्या सुकेळ्याचा अर्धा तुकडा. सुकेळं गोड आणि चिकट असतं, दातांना चिकटून राहतं, म्हणून अर्धंच आणि नंतर चूळ. घास खाल्ला तर ठीक, नाही तर बशी उचला, काही बोलू नका.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली एक विभागणी इथे कामी येते. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. पंधरा मिनिटं झाली की पेला उचलायचा. "एक घोट बाबांचा" चालू झालं की मूल भुकेऐवजी आपल्या चेहऱ्याकडे बघून खाऊ लागतं.

न्याहारीचा दुसरा हप्ता शाळेत. साडेदहाच्या छोट्या सुट्टीला डबा: दोन लहान घावनं, नाहीतर भाजी घालून गुंडाळलेली एक पोळी. खरी भूक तेव्हाच लागते.

चुकतं कुठे, तेही सांगते. पेज आवडली म्हणून दोन पेले दिले की डबा तसाच परत येतो. म्हणून रिकामा डबा हेच आपलं मोजमाप. पेला बसमध्ये दिला की मूल अर्धा तास घोट घोट पीत राहतं आणि दात किडतात. रोज सगळंच प्यायला दिलं तर चावायची सवय सुटते, म्हणून बशीतला घास रोज हवा. दूध दिवसभरात अर्धा लिटरच्या पुढे गेलं की इतर भूक मरते आणि शरीरात लोह कमी पडू लागतं. चहा-बिस्किटही नको, चहा लोह शोषू देत नाही. डब्यातल्या चॉकलेट पावडरींवर विसंबू नका. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितलं आहे.

त्या मुलीच्या घरी दुसऱ्या आठवड्यात पेला १०० मिलीवर आला, तिसऱ्यात डबा रिकामा येऊ लागला. पेज अजूनही ती १५० मिलीच पिते आणि तेवढी तिला पुरते.

मात्र काही वेळा ही योजना लावत बसू नका. वजन घटत असेल किंवा काही महिने वाढतच नसेल, मूल फिकट दिसत असेल, शौचाला खडा होत असेल, गिळताना ठसका लागत असेल, सकाळी डोकं दुखून उलटी होत असेल, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. पोटदुखी फक्त शाळेच्या दिवशी होत असेल, तर आधी शाळेत काय चाललंय ते मुलाला विचारा.

आज घरी गेल्यावर फक्त दोन गोष्टी लिहून काढा: मूल काल रात्री किती वाजता जेवलं आणि किती वाजता झोपलं. जेवण साडेआठच्या पुढे असेल, तर उद्या सकाळची पेज करण्याआधी ते अर्ध्या तासाने अलीकडे आणा. तेवढं केल्याशिवाय कोणतीही पेज उपयोगाची नाही.