कांदाचाळीचा अहवाल बारा पानांत



आपण सगळे प्रकल्प अहवाल लिहिणारी माणसे. तेव्हा आज एकाच कामाबद्दल बोलतो: वर्षानुवर्षे फुगलेला जुना अहवाल छाटून, त्याचा क्रम बदलून गुंतवणूकदारापुढे कसा ठेवायचा.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. ते कुठल्याही एका कंपनीचे नाही. आपल्या जिल्ह्यातल्या अशा अहवालांत जे नेहमी दिसते, त्यावरून मी ते बांधले आहे. पारनेर तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे असे धरा. माल गावरान कांदा, साठवण ५०० टन, अहवाल ८६ पानांचा. पहिला भाग अनुदानासाठी लिहिला. दोन वर्षांनी बँकेसाठी त्यात तक्ते घातले. मग प्रतवारीच्या यंत्राची कोटेशने आली, तीही मागे लावली. प्रत्येक वेळी भर पडली, पण काढून काहीच टाकले नाही. म्हणून पहिल्या वीस पानांत जिल्ह्याचे पर्जन्यमान, कांद्याचा इतिहास, शासकीय योजनांची यादी आणि संचालकांचा परिचय आहे. पैसे किती हवेत, हे सत्तराव्या पानाच्या पुढे कळते.

अशा अहवालावर पहिल्याच दिवशी कात्री चालवू नका. आधी पेन्सिल घ्या आणि प्रत्येक पानाच्या समासात लिहा की हे पान वाचणाऱ्याच्या कोणत्या प्रश्नाला उत्तर देते. गुंतवणूकदाराचे प्रश्न मोजकेच असतात. माल कोण घेणार? किलोमागे काय सुटणार? पैसा कुठे लागणार आणि परत कुठून येणार? काय बिघडू शकते? ज्या पानासमोर यांपैकी एकही प्रश्न लिहिता येत नाही, ते परिशिष्टात जाईल किंवा निघेल. पर्जन्यमानाचे पान खरे आहे, मेहनतीने लिहिलेले आहे, पण ते अनुदानाच्या अर्जासाठी होते.

दुसरी फेरी आकड्यांची. एकच गोष्ट अहवालात किती ठिकाणी आली आहे आणि प्रत्येक ठिकाणी आकडा कोणत्या वर्षाचा आहे, हे एका कागदावर उतरवा. सभासदसंख्या तीन जागी तीन प्रकारची सापडते. साठवणक्षमता एका तक्त्यात ५०० टन, तर दुसऱ्यात ७५० टन असते, कारण मधे कधीतरी वाढीव चाळीचा विचार झाला होता. ही जुळवणी न करता छाटणी केली, तर चुकीचा आकडा राहतो आणि बरोबर आकडा कचऱ्यात जातो. पुढे वाचणाऱ्याला दोन आकडे जुळत नाहीत असे दिसले, की उरलेल्या सगळ्या तक्त्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

आता या अहवालाच्या गाभ्याकडे येतो. सत्तेचाळिसाव्या पानावर एक ओळ आहे: 'साठवणीतील घट १० टक्के धरली आहे.' सगळा नफा या ओळीवर उभा आहे. साध्या चाळीत उन्हाळ कांदा चार-पाच महिने ठेवला की वजनातली घट, सड आणि कोंब धरून ३० टक्क्यांच्या आसपास माल जातो, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. हिशेब १०० किलोंचा करू. खरेदी १५ रुपये किलोने, म्हणजे १५०० रुपये. गोणी, मजुरी, निवड आणि व्याज किलोमागे ३ रुपये धरले, तर एकूण १८०० रुपये. घट १० टक्के असेल तर ९० किलो विकायला उरतात आणि २० रुपयांना खर्च निघतो. घट ३० टक्के असेल तर ७० किलो उरतात आणि खर्च निघायलाच जवळपास २५ रुपये ७० पैसे भाव लागतो.

हेच ५०० टनांवर मांडा. खर्च ९० लाख. विक्री २८ रुपयांनी झाली, तर जुन्या गृहीतकाने ३६ लाख सुटतात आणि खऱ्या घटीने फक्त ८ लाख. नव्या अहवालात हा हिशेब दुसऱ्या पानावर हवा. काहींना वाटेल, एवढी कमकुवत बाजू पुढे का आणायची? कारण नेपतीच्या किंवा घोडेगावच्या कांदा बाजारात एकदा चौकशी केली की गुंतवणूकदाराला ती कळणारच आहे. शिवाय हा हिशेब पुढे आला की योजनाच बदलते. स्वतः कांदा विकत घेऊन भाववाढीची वाट पाहण्यापेक्षा माल सभासदाच्याच मालकीचा ठेवून साठवणभाडे आणि प्रतवारीचे शुल्क घेणे या कंपनीला परवडेल का, हा खरा प्रश्न समोर येतो. जुन्या क्रमात तो कुणाला दिसलाच नव्हता.

क्रमाबद्दल आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. 'आम्हाला भागभांडवल हवे' असे वाक्य उत्पादक कंपनीच्या अहवालात सर्रास असते. कंपनी कायदा २०१३ च्या प्रकरण २१-अ प्रमाणे अशा कंपनीचा सभासद प्राथमिक उत्पादक किंवा उत्पादक संस्थाच होऊ शकते. बाहेरच्या गुंतवणूकदाराला तिचे शेअर देता येत नाहीत. त्याच्याकडून कर्ज घेता येते किंवा वेगळी कंपनी काढून तिच्यात त्याला भागीदार करता येते. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांकडून सुमारे ३१० कोटी रुपये घेतले, ते सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर या कंपनीत. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी वेगळी राहिली. म्हणून किती रक्कम, कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या कंपनीत, ही तीन उत्तरे पहिल्या पानाच्या पहिल्या परिच्छेदात हवीत. ती चुकली तर बाकीची अकरा पाने कोणी वाचणार नाही.

जोखमीचे प्रकरण शेवटी ढकलायची आपल्याला सवय आहे. कांद्यात तसे चालत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली आणि ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. त्या काळात चाळीत माल असलेल्या कंपनीचे काय झाले असते, हे २८ ऐवजी २० रुपये भाव धरून दाखवा. ३५० टनांचे ७० लाख येतात आणि २० लाखांचा तोटा दिसतो. हा तक्ता किलोच्या हिशेबाला लागूनच ठेवा.

एवढे झाल्यावर पैशांची मागणी, खरेदीदार, किलोचा हिशेब, जोखीम, आजवरचे प्रत्यक्ष काम आणि तीन वर्षांचा रोखप्रवाह असा बारा पानांचा अहवाल उरतो. सातबारा, कोटेशने, लेखापरीक्षण आणि संचालकांची माहिती क्रमांक घालून परिशिष्टात जाते. यातले काहीही फेकू नका, छाननीच्या वेळी तेच मागितले जाते. मात्र ज्या कंपनीकडे एकाही खरेदीदाराचे पत्र किंवा मागच्या हंगामाची विक्रीपट्टी नाही, तिचा अहवाल कितीही छाटला तरी तयार होणार नाही. तिला आधी बाजारात पाठवा.

तयार झालेला मसुदा कंपनीच्या बाहेरच्या माणसाला वाचायला द्या आणि कागद बाजूला ठेवून विचारा: पैसे किती मागितले, कशासाठी, परत कसे येणार? तो अडखळला तर क्रम अजून चुकलेला आहे.

माझी आपल्याला विनंती आहे की इथून गेल्यावर आपल्या कपाटातला सर्वांत जाड अहवाल काढा, घटीचा आकडा कोणत्या पानावर आहे ते शोधा आणि तो त्या कंपनीच्या गावातल्या शेतकऱ्याला दाखवून मगच पुढची ओळ लिहा.