विषम संख्येतलं विष

आठही तालुक्यांतून आलेल्या शिक्षक बंधू-भगिनींनो, अध्यक्ष म्हणून वर्षभराचा आढावा मी घ्यावा असं पत्रिकेत छापलंय. तो अहवालात आहे, घरी जाऊन वाचा. मला आज एकच गोष्ट बोलायचीय, आणि ती बोलायला फार दिवस थांबलोय. लेकरांसाठी केलेल्या चॅटबॉटने लेकरांशी गप्पा मारू नयेत.

२०२०च्या नोव्हेंबरात राज्यात 'स्वाध्याय' आलं, आठवतंय? बापाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न यायचा, पोरगं पर्यायाचा आकडा पाठवायचं, शेवटी गुण कळायचे. त्याला आपण हसलो. म्हणालो, हा कसला बॉट, याला बोलताच येत नाही! अहो, तीच त्याची खुबी होती. घरात फोन नसलेली पोरं राहून गेली, ते खरं. पण ज्याला आकड्यापलीकडे काही कळत नाही, तो लेकराला भलतं काय सांगणार?

आता बोलणारे बॉट आलेत. आमच्या एका हुशार सहकाऱ्याने पाचवी ते सातवीसाठी असा एक जुळवला. सुरक्षेसाठी वाईट शब्दांची यादी घातली. पहिल्याच दिवशी एका पोरीने विचारलं, 'विषम संख्या म्हणजे काय?' उत्तर आलं, 'या विषयावर बोलता येणार नाही.' यादीत 'विष' होतं आणि ती नुसती अक्षरं जुळवत होती. विषुववृत्तही अडलं. मग अख्खा शब्द जुळला तरच अडवायचं ठरवलं, तर 'विषाने', 'विषाचा' सुटले. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतो, त्याला यादी काय करणार? शेवटी मी स्वतः इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, mala jagu vatat nahi. यादीला त्याचा पत्ताच नाही. यादी ठेवा, पण तिच्या भरवशावर झोपू नका.

त्याहून मोठा धोका लांबलेल्या बोलण्यात आहे. आधीचं बोलणं सोबत घेऊनच बॉट पुढचं उत्तर बनवतो. बोलणं वाढत गेलं की सुरुवातीला घातलेली बंधनं ढिली पडतात. चॅटजीपीटीच्या कंपनीनेच २०२५च्या ऑगस्टात हे कबूल केलं. त्याच वर्षी कॅरॅक्टर एआयने अठराच्या आतल्यांसाठी मोकळ्या गप्पाच बंद करायचं जाहीर केलं. तिकडे अमेरिकेत मुलं गमावलेले आईबाप कोर्टात गेले, त्यानंतर.

इकडचं सांगतो. आईबाप कोयता घेऊन कारखान्याला गेलेले, सहावीतला पोरगा आजीजवळ. कवितेचा अर्थ विचारायला फोन घेतला. पाऊण तासाने तो बॉटला विचारत होता, 'आई कधी येईल?' आणि बॉट म्हणाला, 'मी आहे ना तुझ्याजवळ.' आजी शेजारीच बसलेली. पोरगं अभ्यास करतंय म्हणून ती खूश!

म्हणून माझं म्हणणं असं. आधी धडा निवडायचा, त्याच धड्यावर बोलायचं. दहा उत्तरं झाली की बंद. दुसऱ्या दिवशी कोरी पाटी, कालचं काही लक्षात ठेवायचं नाही. 'मी तुझा मित्र' हे वाक्य त्याच्या तोंडी येताच कामा नये. लेकराने दुखरं काही लिहिलं, तर समजूत घालत बसायचं नाही. ठरलेला एकच निरोप द्यायचा, की हे मोठ्या माणसाला सांग, नाहीतर १०९८ला फोन कर. आणि इशारा शिक्षकाकडे.

इथे सकाळच्या सत्रात भांडण झालं. निम्मे म्हणाले, सगळं संभाषण पालकाला दिसलं पाहिजे. तुमच्यासारखाच मीही एकेकाळी होतो. नोकरीच्या सुरुवातीला 'माझे वडील' हा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिलं, वडील पिऊन येतात तेव्हा मी कणगीमागे बसते. मी मोठ्या शहाणपणाने ती वही बापाला दाखवली. मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. आली, ती त्यानंतर गाय आणि पावसाळ्यावरच लिहायची.

तेव्हा पालकाला धडा दिसावा, वेळ दिसावी, किती प्रश्न विचारले ते दिसावं. शब्द नकोत. आणि तेही वाचून नव्हे, ऐकून कळावं. आठवड्यातून एकदा, मराठीत, अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप. फडात असलेल्या आईच्या साध्या फोनवरही तो जावा. २०२३चा विदा संरक्षण कायदा अठराखालच्या मुलांसाठी पालकाची संमती मागतो. पण संमतीचा अंगठा घेतला म्हणजे पालकाला कळलं, असं होत नाही.

या नियमांचा मसुदा करायला एक समिती नेमू. कोण, केव्हा, ते कार्यकारिणी बघेल. एक प्रश्न मात्र मलाही सुटलेला नाही. रात्री दहाला तो इशारा वाजला, तर कुणाच्या फोनवर? जेवणाआधी दोन-चार नावं माझ्याकडे द्या. माझं पहिलं लिहिलंय.